इंटिग्रेशनचा सराव: एकेक पद्धत सलग घोटायची की सगळ्या मिक्स करून?

बारावी सायन्सची मुलं माझ्याकडे फोंड्याला शिकवणीला येतात आणि दरवर्षी इंटिग्रेशन आलं की तोच वाद सुरू होतो, एक गट म्हणतो सर आधी सबस्टिट्यूशनची सगळी गणितं संपवूया, मग पार्शल फ्रॅक्शन, मग बाय पार्ट्स, एक झालं की दुसरं. आणि मी मिक्स शीट दिली की तोंडं वाकडी होतात. दोन्हींत काहीतरी आहे, पण कुठली पद्धत कधी वापरायची हे ठरवायचं असेल तर दोन्हींत नेमकं काय होतं ते बघावं लागतं. मी इंटिग्रेशनपुरतंच बोलतो, कारण इथे फरक अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

सलग सराव म्हणजे एनसीईआरटीचं पुस्तक जसं लावलंय तसंच करत जाणं. सातव्या धड्यात स्वाध्याय ७.२ सबस्टिट्यूशनचा, ७.५ पार्शल फ्रॅक्शनचा, ७.६ बाय पार्ट्सचा. मुलगा ७.५ उघडतो, समोर 1/(x²−4) दिसतं, तो बिनधास्त A/(x−2) + B/(x+2) लिहितो, A = 1/4 आणि B = −1/4 काढतो, उत्तर (1/4) log|(x−2)/(x+2)| + C, टिक. पुढचं तसंच, त्याच्या पुढचं तसंच, चौथ्या गणितापर्यंत हात आपोआप चालायला लागतो आणि पानभर टिका बघून बरं वाटतं. आता यात एक गोष्ट त्याने केलीच नाही, ती म्हणजे पद्धत निवडणं. ती स्वाध्यायाच्या मथळ्यानेच निवडून दिली होती.

पेपरात मथळा नसतो. बोर्डाचा असो, जीसीईटीचा असो की जेईईचा, तिथे नुसतं इंटिग्रलचं चिन्ह आणि पुढे काहीतरी भानगड. म्हणून मिक्स शीटवर मी असली गणितं एकाखाली एक ठेवतो:

```
∫ x/(x²+4) dx
∫ 1/(x²+4) dx
∫ 1/(x²−4) dx
∫ x²/(x²+4) dx
∫ 1/(x²+4x+8) dx
```

दिसायला सगळी चुलत भावंडं, पण वाट प्रत्येकाची वेगळी. पहिल्यात वरचा x हा खालच्याच्या डेरिव्हेटिव्हचा अर्धा आहे, म्हणून t = x²+4 धरलं की एका ओळीत (1/2) log(x²+4) + C. दुसऱ्यात वर x नाही, त्यामुळे सबस्टिट्यूशनला धरायला काही नाही, तो सरळ टॅन इन्व्हर्सचा फॉर्म, (1/2) tan⁻¹(x/2) + C. तिसऱ्यात वजा आल्याने फॅक्टर पडतात म्हणून पार्शल फ्रॅक्शन. चौथ्यात वरची आणि खालची डिग्री सारखी, आधी भागाकार करून 1 − 4/(x²+4) करायचं आणि मग x − 2 tan⁻¹(x/2) + C. पाचव्यात खाली पूर्ण वर्ग करून (x+2)² + 4, की पुन्हा टॅन इन्व्हर्स, फक्त x च्या जागी x+2.

ही शीट पहिल्यांदा दिली की वर्गातला चांगला मुलगासुद्धा दुसऱ्या गणिताचं उत्तर log(x²+4) लिहून मोकळा होतो, कारण पहिल्यात लॉग आला होता ना. त्याला म्हणायचं, बाबा हे डिफरन्शिएट कर. तो करतो, 2x/(x²+4) येतं, वर x कुठून आला म्हणून स्वतःच डोकं खाजवतो, आणि पुढच्या वेळी आधी वर बघायला शिकतो. सलग सरावात ही चूक होतच नाही, होत नाही म्हणून सुधारतही नाही, ती थेट परीक्षेत होते.

आता आकडे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग मला यात सगळ्यात बोलका वाटतो. चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं, एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिक्सवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिक्सवाले ६३ वर होते. म्हणजे सराव करताना जो गट मागे दिसत होता तोच पुढे गेला, आणि सरावाच्या वहीवरून हे कुणालाच कळलं नसतं.

यावर एक शंका रास्त आहे, की मिक्स करताना एकाच प्रकारची गणितं आपोआप लांब लांब पडतात, मग फायदा मिसळण्याचा की मध्ये वेळ गेल्याचा? याच दोघांनी २०१० मध्ये चौथीच्या मुलांवर दोन्ही गटांत हे अंतर सारखं ठेवून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मिक्सवाले ७७ टक्के आणि सलगवाले ३८ टक्के आले. म्हणजे पद्धत निवडायची सवय हाच मोठा भाग, नुसतं अंतर नव्हे.

मग सलग सराव टाकूनच द्यायचा का? तर नाही, आणि इथे उत्साही लोक गडबड करतात. ज्याला पार्शल फ्रॅक्शनमध्ये A, B काढताच येत नाहीत त्याला मिक्स शीट दिली तर तो पद्धत बरोबर ओळखेल आणि पुढे अडकून बसेल, तासाभरात तीन गणितं होतील आणि डोकं भणभणेल. नवीन पद्धत शिकली त्या दिवशी तिची चार-पाच गणितं सलगच करायची, पायऱ्या हाताखालून गेल्या पाहिजेत. फक्त तिथे थांबायचं. सहावं ते विसावं गणित त्याच दिवशी उरकायचं नाही, ती पुढच्या आठवड्यांच्या मिक्स शीटसाठी राखून ठेवायची. गणितं तेवढीच, क्रम बदलला, एवढंच.

दुसरं, उद्या युनिट टेस्ट आहे आणि ती फक्त बाय पार्ट्सवर आहे असं सांगून ठेवलंय, तर खुशाल सलग करा, तिथे पद्धत निवडायचा प्रश्नच नाही. आणि महिन्याने असेल तर? रोहररांच्या सातवीच्या मुलांवरच्या २०१५ च्या प्रयोगात दुसऱ्याच दिवशी परीक्षा घेतली तर मिक्सवाले ८० टक्के विरुद्ध सलगवाले ६४ असा फरक होता, तीस दिवसांनी तो ७४ विरुद्ध ४२ झाला. परीक्षा जितकी लांब तितकं मिक्सचं पारडं जड.

तिसरी गोष्ट, मिक्स म्हणजे काहीही मिक्स नाही. एक इंटिग्रल, मग ऑरगॅनिक केमिस्ट्रीची एक रिॲक्शन, मग ऑप्टिक्सचं एक गणित, असा टाइमटेबल करून आलेली एक मुलगी मला आठवते, सुंदर रंगीबेरंगी होता, पण उपयोग बेताचाच. लेन्सचं गणित आणि इंटिग्रल यांत गोंधळ कुणाचाच होत नाही, मग ते शेजारी ठेवून मेंदूला वेगळं काय ओळखायला लावणार? फायदा तिथे होतो जिथे दोन गोष्टी सारख्या दिसतात आणि चुकीची उचलली जाते. x·eˣ आणि x·e^(x²) बघा: पहिला बाय पार्ट्स, दुसरा t = x² धरून सबस्टिट्यूशन, आणि दुसऱ्याला बाय पार्ट्स लावायला गेलात तर e^(x²) चं इंटिग्रल शोधत बसाल, ते साध्या फंक्शनांत येतच नाही. अशा जोड्या शोधून शीटमध्ये घालायच्या. नुसती पाठांतराची यादी असेल, शब्द आणि त्याचा अर्थ असल्या प्रकारची, तर तिथे मिक्सचा फायदा दिसत नाही, उलट सलग बरं पडल्याचे निष्कर्ष आहेत.

शीट बनवायला काही लागत नाही. ७.२, ७.४, ७.५, ७.६ यांतली प्रत्येकी तीन गणितं चिठ्ठ्यांवर लिहायची, स्वाध्यायाचा नंबर मागच्या बाजूला, आणि पत्ते पिसतात तशा पिसायच्या. उचलली चिठ्ठी की आधी अर्ध्या मिनिटात फक्त पद्धतीचं नाव आणि ती का, एवढं लिहायचं, उदाहरणार्थ ‘वर डेरिव्हेटिव्ह आहे, सबस्टिट्यूशन’. मग सोडवायचं. x/(x²−4) सारखं गणित इथे मजा आणतं, पार्शल फ्रॅक्शननेही सुटतं, A आणि B दोन्ही 1/2 येतात, पण सबस्टिट्यूशनने एका ओळीत (1/2) log|x²−4| + C होतं. सलग सराव केलेला मुलगा वजा दिसला की लांबची वाट धरतो, उत्तर बरोबर येतं पण मिनिटं जातात. (पर्याय दिलेले असतात, ते डिफरन्शिएट करून बघू, असं काही जण म्हणतात. चारही पर्याय करत बसलात तर वेळ तिथेही जातोच.)

चुका तपासताना दोन रकाने करा, ‘पद्धत चुकली’ आणि ‘पद्धत बरोबर, करताना चुकलं’. पहिला रकाना भरतोय तर मिक्सच चालू ठेवायचं, त्याच चुकांसाठी ते आहे. दुसऱ्या रकान्यात एकच पद्धत परत परत येत असेल, म्हणजे बाय पार्ट्समध्ये वजा चिन्ह दरवेळी हरवतंय असं, तर तेवढ्या पद्धतीची चार गणितं सलग करून या आणि परत शीटवर बसा. सलग की मिक्स हा निर्णय एकदाच घ्यायचा नसतो, हे दोन रकाने तो दर आठवड्याला घेऊन देतात.

घरच्यांचं काय करायचं हा खरा त्रास. मिक्स सुरू केलं की पहिले दोन आठवडे वहीत फुल्या वाढतात, आई विचारते अगो आधी सगळं येत होतं ना तुला, आता काय झालं. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांच्या २००८ च्या प्रयोगात १२ चित्रकारांची चित्रं दाखवून शैली ओळखायला शिकवलं होतं, बहुतेक जण मिसळून बघितलेल्यांत जास्त बरोबर आले आणि तरी बहुतेकांना वाटत होतं की सलग बघून आपल्याला जास्त समजलं. स्वतःलाच पटत नाही तिथे आईला कसं पटेल. त्यामुळे रोजच्या वहीवर वाद घालू नका. त्याऐवजी आठ दिवसांपूर्वी ‘पूर्ण झालं’ म्हणून बंद केलेल्या स्वाध्यायातली पाच गणितं, मथळा झाकून, एकदा सोडवायला बसा, आणि किती आली ते आईसमोरच मोजा.