फ्रिजच्या काचा: काढून धुवाव्यात की जागेवरच पुसाव्यात?

दसरा काढायला घेतला की फ्रिजची पाळी येते आणि आमच्या घरात दोन पक्ष पडतात. आईचं म्हणणं, सगळं रिकामं करा, काचा बाहेर काढा आणि सिंकमध्ये स्वच्छ धुवा. बायको म्हणते, कशाला तो उद्योग, सोड्याच्या पाण्यात फडकं पिळा आणि जागेवरच पुसा. मी बरीच वर्षं आईच्या बाजूने होतो. आता नाही. दोन्ही पद्धती करून पाहिल्यात, म्हणून सांगतो.

धुण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. फ्रिजची काच म्हणजे नुसती काच नसते. पुढे-मागे, कधी चारही बाजूंनी, प्लॅस्टिकची पट्टी असते आणि काच व पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट. दूध सांडलं की ते या फटीत जातं. वरून कितीही पुसा, काच लखलखीत दिसते आणि दोन-तीन दिवसांनी दार उघडलं की आंबूस वास येतो. कोथिंबिरीला दोष दिला जातो, पण वास पट्टीचा असतो. इथे काच बाहेर काढून, पाण्याखाली धरून, जुन्या टूथब्रशने फट घासण्याला पर्याय नाही. लोणच्याचं तेल खाली उतरलं असेल तरीही तेच.

मग मी पक्ष का बदलला? एका अगदी साध्या अडचणीमुळे. काढलेल्या काचा ठेवायच्या कुठे?

कारण काच काढली की लगेच धुता येत नाही. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांवरून ती खोलीच्या तापमानाला यायला आमच्याकडे पाऊण तास तरी जातो. एरवी ही गोष्ट हाताला नीट कळत नाही. मी खिडकीच्या काचेला हात लावतो, मग फ्रिजच्या काचेला. दोन्ही सारख्या लागल्या की पाण्याखाली न्यायची. आता हा पाऊण तास ओटा कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. दूध, ताक, काल रात्रीची उसळ, मोरंब्याची बरणी, आल्या-लसणाची वाटणं, सगळं तिथेच मांडलेलं. जेवणाच्या टेबलावर भाज्या. मग माणूस काय करतो? काच उभी करून भिंतीला टेकवतो. म्हणजे तिचा सगळा भार फरशीवर, तोही बहुतेक वेळा एका कोपऱ्यावर.

आमची भाजीच्या ड्रॉवरवरची काच अशीच वर्षानुवर्षं कोपऱ्यावर उभी राहिली. एका कोपऱ्याला माशाच्या खवल्याएवढा टवका गेला होता. तो मला दिसलाही होता, पण एवढ्याने काय होतंय म्हणून सोडून दिला.

फुटली त्या दिवशी रविवार होता, ऑक्टोबरचं ऊन, सकाळचे साडेअकरा. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत सोलरची लाइन स्वयंपाकघरातही आली आहे. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांना त्याची खोड ठाऊक असेल. नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी येतं, बादलीभर तरी. मी त्या गार पाण्यात निवांतपणे साबण लावत होतो. त्या दिवशी घाई होती, काच काढून दहाच मिनिटं झाली होती, पण पाणी गारच आहे ना, मग काय बिघडतंय, असा हिशेब. साबण लावता लावता पाइपातलं गार पाणी संपलं आणि टाकीतलं चटका बसणारं पाणी काचेवर आलं. एकदाच ‘फट्’ असा आवाज झाला आणि माझ्या हातात फक्त प्लॅस्टिकची पट्टी उरली. काच सगळी सिंकमध्ये, खडीसाखरेसारखे तुकडे.

तसे तुकडे झाले म्हणजे ती टफन्ड काच होती. अशी काच खरं तर तापमानातला बराच फरक सोसते. तिचा वरचा थर आतून घट्ट दाबलेल्या अवस्थेत असतो, तीच तिची ताकद. पण कडेला टवका गेला की त्या ठिकाणी हे कवच कमजोर होतं. त्यात गरम पाणी पडलेला भाग प्रसरण पावू पाहतो, शेजारचा गार भाग त्याला सोडत नाही, आणि तो ताण कमजोर जागा शोधतो. त्यामुळे नुसत्या गरम पाण्याने फुटली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. टवका आणि पाणी, दोघांनी मिळून फोडली. म्हणून आता पुसताना चारही कडांवरून फडकं हळूच फिरवतो. कुठे धागा अडकला तर तिथे टवका आहे असं समजायचं आणि ती काच बदलायची. (गरम आमटीचं पातेलं थेट गार काचेवर ठेवणं हाही तोच प्रकार.)

जवळच्या काचवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, “साहेब, टफन्ड काच कापता येत नाही. आधी माप कापायचं आणि मग भट्टीत टफन करायची. साधी चार एमएमची देऊ का?” मी नको म्हटलं. साधी काच फुटली तर सुरीसारखे तुकडे होतात. कंपनीकडून काच येईपर्यंत ड्रॉवर उघडाच होता आणि मेथी दुसऱ्या दिवशीच मान टाकायची.

तेव्हापासून पुसतो. फ्रिज बंद करून प्लग काढायचा, एक कप्पा रिकामा करायचा. लिटरभर कोमट पाण्यात पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे खायचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे, तो फार उग्र. फडकं घट्ट पिळायचं. पिळलेल्या फडक्यात उष्णता अशी कितीशी राहणार, त्यामुळे काच गार असली तरी काळजी नाही. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचं, नाहीतर सोड्याची पांढरी झाक राहते. तो कप्पा लावून झाला की पुढचा. ओट्यावर एका वेळी एकाच कप्प्याचं सामान, आणि काच जागची हलत नाही.

भांड्यांचं लिक्विड मी शक्यतो टाळतो. लिंबाचा तो वास प्लॅस्टिकमध्ये राहतो आणि उघड्या लोण्याला लागतो, निदान आमच्या लोण्याला लागला. मात्र तेलाचा डाग नुसत्या सोड्याने हटत नाही. तिथे एक थेंब घ्यावाच लागतो. व्हिनेगर काहींना आवडतं, माझी तक्रार फक्त वासाची. ब्लीच आणि तारेची घासणी आत नकोच.

तुमच्या घरात लहान मुलं असतील, दूध वरचेवर सांडत असेल, तर कदाचित तुम्हाला धुण्याचीच पद्धत सोयीची पडेल. मीही दूध सांडलं की तेवढी एकच काच काढतो. काढताना मागची कड थोडी उचलून मग ओढायची, कारण मागे अडकवणारी खाच असते. दार पूर्ण उघडत नसेल तर काच तिरकी करावी लागते आणि तिथेच ती दाराच्या कडेवर आपटते.

आई अजूनही दसऱ्याला सगळ्या काचा काढते. पण आता हॉलमध्ये जुनी सतरंजी अंथरून त्यावर आडव्या मांडते, तासभर कुणाला तिकडे फिरकू देत नाही, आणि धुताना सोलरचा कॉक सिंकखालूनच बंद केलेला असतो.