इटालियन कर्मणी रचना: 'व्हेनीरे' की 'आंदारे'?

यंत्राच्या इंग्रजी माहितीपत्रकात 'फिल्टर दर महिन्याला साफ केला जातो' अशा अर्थाचे वाक्य आले, तर इटालियनमध्ये 'इल फिल्त्रो व्हिएने पुलीतो ओन्यी मेझे' असे लिहावे. येथे 'व्हेनीरे' (येणे) हे सहायक क्रियापद क्रिया प्रत्यक्ष घडते हे स्पष्ट करते. नेहमीच्या 'एस्सेरे'ने (असणे) मात्र 'साफ आहे' असा स्थितिवाचक अर्थही निघू शकतो. मराठी अनुवादकाला 'केला जातो'मधील 'जाणे'मुळे 'आंदारे'चा (जाणे) मोह होतो, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो, कारण 'व्हा पुलीतो' म्हणजे 'साफ करायलाच हवा'. मूळ इंग्रजीत 'मस्ट' किंवा 'शुड' असेल, तरच ही रचना योग्य ठरते; त्यातही कर्ता सहसा सांगितला जात नाही.

'व्हेनीरे' केवळ साध्या काळांत चालते. त्यामुळे 'साफ केला गेला आहे' यासाठी 'ए स्तातो पुलीतो' असे 'एस्सेरे'कडेच वळावे लागते. कर्तव्यवाचक 'आंदारे'लाही संयुक्त काळ वर्ज्य आहेत. मात्र हरवणे किंवा नष्ट होणे अशा मोजक्या क्रियापदांबरोबर 'आंदारे'तील सक्तीचा अर्थ गळून पडतो आणि संयुक्त काळही चालतो: 'इ दोकुमेंती सोनो आंदाती पेर्सी', म्हणजे कागदपत्रे हरवली.