माझ्या नावाने रिझ्युमे विकले गेले, पॅकेज घेण्याआधी एवढं वाचा

मी कोकणात खेडजवळ राहते. पुण्यात सहा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये काढली, लग्नानंतर गावी आले आणि घरूनच रिझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल लिहून द्यायला लागले. माझे रेट साधे आहेत, फ्रेशरला 500, अनुभव असेल तर 1,200, लिंक्डइनसकट 2,000. लोक ओळखीतूनच येतात, महिन्याला चार-पाच, त्यात माझं बरं चाललं होतं.

मार्चमध्ये आपल्या भागातल्या नोकऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनचा फोन आला. नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे. म्हणाला, मॅडम तुम्ही फक्त लिहा, क्लायंट मी आणतो, एका रिझ्युमेचे 600, हिशोब दर शनिवारी. माझ्या रेटच्या निम्मे पण मला वाटलं गिऱ्हाईक शोधायची कटकट तरी नाही. पहिले चार दिले त्याचे 2,400 शनिवारी बरोब्बर आले, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

त्याच्या दोन अटी होत्या, त्या तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे कँडिडेटशी बोलणं कामापुरतंच, पैशाचा विषय काढायचा नाही. दुसरी म्हणजे फाइल वर्डमध्येच द्यायची, पीडीएफ नको, का तर "पोरांना नंतर बदल करायचे असतात".

आता नीट सांगते, कारण सगळी गोम त्या वर्ड फाइलमध्ये होती.

पहिल्या चारात लोटे एमआयडीसीतला एक ऑपरेटर होता, केमिकल प्लांटमध्ये नऊ वर्षं. त्याच्या जुन्या रिझ्युमेत एकच ओळ, रिअॅक्टर हँडलिंगचं काम केलं. अशा ओळीवरून एचआरला काहीच कळत नाही. मी त्याला तासभर फोनवर घेतलं. रिअॅक्टर किती, केवढे, काचेचं अस्तर असलेले की स्टीलचे, शिफ्टमध्ये हाताखाली किती माणसं, असं एकेक विचारत गेले. तो लाजत होता, "ताई, त्यात काय लिहायचं, सगळेच करतात". मग बोलता बोलता म्हणाला की आमची बॅच आधी 18 तास घ्यायची, आता 16 तासात उतरते. कशी रे? तर आधीच्या बॅचचं फिल्ट्रेशन चालू असतानाच हा पुढच्या बॅचचं मटेरियल मोजून, ड्रम लावून तयार ठेवायचा, बाकीचे फिल्ट्रेशन संपल्यावर मोजायला घ्यायचे. ही खरी ओळ! ती मी सगळ्यात वर घेतली, सहा रिअॅक्टर, चार माणसं, 18 वरून 16 तास. त्या माणसाची नऊ वर्षं त्या एका ओळीत होती.

एप्रिल-मेमध्ये अॅडमिनने अजून अकरा पाठवले. डिप्लोमाची पोरं, एक हॉटेलवाला, दोन जण बोटीवर जाणारे. शनिवार आला की "या आठवड्यात पेमेंट अडकलंय, पुढच्या शनिवारी एकदम देतो". मी लिहीत राहिले. एका रिझ्युमेला फोन धरून पाच तास जातात, म्हणजे 55 तास, आणि येणं 6,600.

जूनमध्ये एका अनोळखी पोराचा फोन. आवाजावरूनच कळत होतं की वैतागलाय. "मॅडम, तुम्ही इंटरव्ह्यू गॅरंटी दिलीत ना, मग असला रिझ्युमे का दिलात?" मी म्हटलं बाबा मी तुला ओळखत पण नाही. त्याने पोस्टर पाठवलं. निळ्या रंगाचं, त्यावर माझा लिंक्डइनवरचा फोटो, खाली "सिनियर एचआर एक्स्पर्ट", 3,999 रुपयात रिझ्युमे, नोकरी पोर्टलचं प्रोफाइल, एटीएस पास गॅरंटी आणि तीन इंटरव्ह्यू. मला 600 आणि पोरांकडून 3,999, आणि गॅरंटी माझ्या तोंडाने.

मग त्याचा रिझ्युमे उघडला. वर नाव त्याचं, आणि खाली सहा रिअॅक्टर, चार माणसं, 18 वरून 16 तास. शब्द न् शब्द माझा. वर्डमध्ये फाइलच्या माहितीत लेखक म्हणून माझंच नाव होतं, अॅडमिनने ते पुसलंही नव्हतं. हा पोरगा पॅकिंगला होता, रिअॅक्टर त्याने लांबून बघितलेला. त्याने रिझ्युमे नीट वाचलाच नव्हता, इंग्रजी आहे आणि पैसे भरलेत म्हणजे बरोबरच असणार. इंटरव्ह्यूला प्रॉडक्शनवाल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे दोन तास कसे वाचवले? त्याला उत्तर देता येईना. साहेब म्हणाले खोटं लिहून येऊ नको, आणि पाच मिनिटात बाहेर. फोनवर सांगताना त्याचा आवाज बसला होता. लोट्यात सगळे एकमेकांना ओळखतात, हे नाव पुसायला त्याला किती वर्षं लागतील मला माहीत नाही, आणि खरा ऑपरेटर उद्या तिथेच गेला तर त्यालाही कॉपी म्हणतील, हे मला जास्त लागलं.

अॅडमिनला फोन केला, त्याने मला ग्रुपमधून काढलं आणि ब्लॉक केलं. पैसे ज्या खात्यावर गेले ते नाव तिसऱ्याच कोणाचं. मी, तो पोरगा आणि अजून दोघांनी पोस्टर, चॅट, यूपीआयच्या पावत्या गोळा करून सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर आणि पोलीस स्टेशनला तक्रार दिली. पैसे अजून कोणाचेच आलेले नाहीत.

त्या एटीएस गॅरंटीबद्दल सांगते, कारण त्याच शब्दावर 3,999 घेतले जातात. एटीएस म्हणजे कंपनीचं अर्ज साठवायचं आणि चाळायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक कंपनीचं वेगळं, शोधायचे शब्द त्या त्या जागेप्रमाणे वेगळे, सगळीकडे चालेल असा पास मार्क कुठेच नसतो, त्यामुळे कोणी 95 स्कोअर दाखवला तर तो त्याच्याच कुठल्यातरी वेबसाइटचा असतो. फाइल नीट वाचली जाईल एवढं बघता येतं, आणि ते फुकट बघता येतं. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. नाव, फोन नंबर, कंपन्या आणि तारखा ओळीने आल्या तर ठीक, दोन कॉलम एकमेकांत मिसळले किंवा नंबरच गायब झाला तर ते डिझाइन बदलून मागा. इंटरव्ह्यूला बोलावणं तर कंपनीच्या हातात असतं, ते लिहिणारा विकूच शकत नाही.

आणि ज्याने तुम्हाला अर्धा तास पण प्रश्न विचारले नाहीत त्याने तुमचा रिझ्युमे लिहिलेला नाही, कुणाचातरी उचललाय. हातात आला की प्रत्येक ओळ मराठीत स्वतःला सांगून बघा, सांगता आली नाही तर ती ओळ खोडायला लावा.

माझ्यासारखं लिहिण्याचं काम करणाऱ्यांसाठी, मी आता कँडिडेटशी पैशाचं थेट बोलते, मध्ये कोणी नाही. अर्धे आधी घेते, ड्राफ्ट वॉटरमार्क टाकून पीडीएफमध्ये पाठवते, वर्ड फाइल पूर्ण पैसे आल्यावर आणि ज्याची त्यालाच.

त्या पॅकिंगवाल्या पोराचा रिझ्युमे मी परत लिहिलाय, पैसे घेतले नाहीत. बॅच नंबर, लेबल, वजन, डिस्पॅचच्या नोंदी, त्याचं खरं काम चांगलं भरलं एका पानात. जुलैपासून तो त्यावर अर्ज करतोय. ते निळं पोस्टर चिपळूण-दापोलीच्या ग्रुपवर अजून फिरतंय असं कालच एकीने सांगितलं. त्यावर फोटो माझा आहे, नंबर माझा नाही. तुमच्याकडे आलं तर पैसे भरू नका, आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडते.