किडे, केळीची पानं आणि माडाची सावली: अंगणातल्या कॅमेऱ्याचे आठ महिने

चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. गेल्या मेच्या अखेरीस पडवीच्या खांबावर एक वाय-फाय कॅमेरा लावला. चित्र स्वच्छ आहे, आवाज नीट येतो, इन्व्हर्टरमुळे वीज गेली तरी चालू राहतो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हा सगळा अनुभव आहे तो त्याच्या अलर्टचा, कारण पहिले दोन महिने त्या अलर्टनीच कॅमेरा निरुपयोगी करून टाकला होता.

पहिला पाऊस पडला त्या रात्री पंखवाले किडे उठले आणि माझा फोन पहाटेपर्यंत वाजत राहिला. दर अलर्ट उघडून पाहायचा तर पडद्यावर पांढरा धूसर गोळा सरकताना दिसायचा. आठवडाभरानं मी आवाज बंद केला. जुलैत एका रात्री पावणेतीनला कुणीतरी गडगा ओलांडून आलं आणि विहिरीच्या मोटरची केबल कापून घेऊन गेलं. कॅमेऱ्यानं ते टिपलं होतं, अलर्टही पाठवला होता. सकाळी आईचा "पाणी चढत नाही रे" म्हणून फोन आला, तेव्हा मी रात्रीच्या दीडशे क्लिपांमधून ती एक शोधली. फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात उघडीप मिळाली, तेव्हा एका दिवसाचे सगळे अलर्ट बसून पाहिले आणि वहीत कारणं लिहिली. एकूण १६३ होते. त्यातले ९१ किडे आणि कोळ्याचं जाळं, ४० केळीची पानं, १९ ढगांच्या सावल्या, ४ मांजर आणि माणसं फक्त ९. तासभर गेला, पण पुढचं सगळं या वहीमुळे जमलं. तुमच्याकडे अलर्ट फार येत असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी हे करा, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा निघतो.

मी आधी चूक केली होती ती सगळे करतात तीच: संवेदनशीलता ८० वरून थेट ३० वर आणली. किड्यांचे अलर्ट जवळजवळ तेवढेच राहिले आणि संध्याकाळी फाटकातून येणारी आई मात्र सुटू लागली. कारण समजायला वेळ लागला. बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांसारखा हाही चित्राचा किती भाग बदलला ते बघतो. एक सेंटीमीटरचा किडा भिंगापासून ७ सेंटीमीटरवर आला, तर चित्रात तो १२ मीटरवरच्या माणसाएवढा उंच दिसतो. त्यावर भिंगाभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा झोत अगदी जवळून पडतो, म्हणून तो लख्ख चमकतो आणि आणखी फुगलेला दिसतो. संवेदनशीलता कमी केली की आधी लांबचा माणूस गळतो, किडा शेवटी गळतो.

मग उपाय प्रकाशाचाच करायचा. ॲपमध्ये नाइट व्हिजन चालू ठेवून कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे बंद करता आले. १२ व्होल्टचा वेगळा इन्फ्रारेड दिवा घेतला आणि तो पडवीच्या दुसऱ्या खांबावर, कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर लावला. आता झोत अंगणावर पडतो, पण भिंगासमोरची वीतभर जागा अंधारी राहते, त्यामुळे तिथून उडणारा किडा चमकत नाही. कॅमेऱ्याशेजारचा पांढरा बल्ब काढून स्वयंपाकघराच्या दाराशी पिवळा लावला, त्यामुळे किडेही तिकडे गेले. जाळ्यासाठी आई दर शनिवारी कुंच्याला फडकं बांधून कॅमेऱ्याचा पुढचा भाग पुसते. किड्यांचे अलर्ट एका रात्रीत पाच-सहावर आले. जोराच्या पावसात मात्र पागोळ्या अजूनही सापडतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

केळीचं प्रकरण झोनचं होतं, म्हणजे चित्रातल्या ज्या भागातली हालचाल कॅमेऱ्यानं बघायची त्या भागाचं. मी आधी फाटकापासून पायरीपर्यंत मोठा चौकोन आखला होता, तरी पानांचे अलर्ट थांबेनात. हलणाऱ्या वस्तूभोवती ॲप जी चौकट काढतं, तिचा कोपरा झोनला नुसता लागला तरी आमचा कॅमेरा अलर्ट देतो. चौकोनाच्या वरच्या कडेवर पानं झुलत होती. मग झोन फक्त जमिनीवर आखला: फाटकाचा उंबरा, पायवाट आणि चोर आला होता त्या गडग्याच्या पायथ्याची पट्टी. माणूस कुठूनही आला तरी त्याचे पाय जमिनीला लागणारच, माडाच्या झावळ्या नाही लागणार. कॅमेरा थोडा खाली वाकवला, आकाश चित्रातून काढून टाकलं. दोन केळी मात्र तोडाव्या लागल्या. बाबांना ते आवडलं नाही, पण घड उतरून झाला होता.

हे झाल्यावर संवेदनशीलता परत वाढवली, तीही चालून बघून. बाबा फाटकापासून पायरीपर्यंत येत आणि मी फोनवर सांगत असे. दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री अंधारात असं तीन वेळा केलं. ५० वर ते रात्री निम्म्या वाटेवर येईपर्यंत सापडत नव्हते, ६५ वर फाटकातच सापडले. तोच आकडा ठेवला.

फक्त माणूस ओळखायची सोय आमच्या कॅमेऱ्यात आहे आणि ती सुरुवातीपासून का वापरली नाही, असं मला अनेकांनी विचारलं. वापरून पाहिली होती. उंचावरून पाहताना छत्रीखालचा माणूस त्याला माणूस वाटत नाही, आणि कोकणात पावसाळ्यात छत्रीशिवाय येतं कोण? शिवाय दोरीवर वाळणारा बाबांचा सदरा रात्री दोनदा माणूस ठरला. म्हणून पावसाळाभर झोनमधली कुठलीही हालचाल, हीच सेटिंग ठेवली.

डिसेंबरात अलर्ट अचानक पुन्हा चाळीसवर गेले, तेही भर दुपारी. मला वाटलं, कॅमेरा बिघडला. क्लिपा पाहिल्या तर पायवाटेवर झावळ्यांची सावली डोलत होती. अंगणाच्या दक्षिणेला तीस फुटी माड आहे. जून-जुलैत दुपारी सूर्य आमच्याकडे जवळपास डोक्यावर असतो, सावली बुंध्याशीच राहते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही त्या माडाची सावली सव्वीस फूट लांब, थेट माझ्या झोनमध्ये येते. झोन ऑगस्टमध्ये आखलेला, तेव्हा ही सावली तिथे नव्हतीच. आता छत्र्याही नव्हत्या, म्हणून सकाळी सात ते संध्याकाळी सहा फक्त माणूस ओळखायची सेटिंग लावली आणि रात्रीसाठी झोनमधली कुठलीही हालचाल तशीच ठेवली. दोरी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर मागच्या अंगणात नेली.

आज दिवसाला बारा-पंधरा अलर्ट येतात आणि त्यातले बहुतेक खरे असतात: दूधवाला, आई, शेजारचा मुलगा, कधी मांजर. फोनचा आवाज मी परत चालू केला आहे. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला अलर्ट आला, तर शेजारचे काका बाबांना औषध द्यायला आले होते. पाच सेकंदांत पाहून परत झोपलो.

घेणार असाल तर दुकानात मेगापिक्सेलपेक्षा दोन गोष्टी विचारा. नाइट व्हिजन चालू ठेवून आतले इन्फ्रारेड दिवे वेगळे बंद करता येतात का, आणि झोन वेड्यावाकड्या आकाराचा आखता येतो का, की नुसता चौकोन? या दोन्ही सोयी नसत्या तर आमचा कॅमेरा मी ऑगस्टमध्येच उतरवला असता. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, दिवसाची सेटिंग परत छत्रीवाली करायची आहे, त्याची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे.