फोटो-भाषांतराचं ॲप, सात महिन्यांनंतर: निरोपाच्या कार्डावरची 'अमल' कोण?

कार्ड पोचलं आणि कैरोहून मॅडमचा उलट प्रश्न आला: "सगळ्यांना सलाम. पण ही अमल कोण? आणि समुद्राने सही का केली आहे?"

अमल म्हणजे आमच्या कुपवाडच्या ऑफिसातली आशा. समुद्र म्हणजे सागर. प्रकाशचा उजेड झाला होता. ॲपने सह्यांचाही अर्थ लावला. 'अमल' म्हणजे आशा हे बरोबरच, शिवाय ते अरबीत बायकांचं खरंखुरं नाव आहे. त्यामुळे ही चूक ओळखू येण्याची शक्यता शून्य. मॅडमना एवढंच वाटणार की दीड वर्षात भेट न झालेली कुणीतरी बाई आपल्याला शुभेच्छा देते आहे.

ॲपचं नाव लिहीत नाही. फोटोवरच भाषांतर चिकटवून देणारी ॲपं थोड्याफार फरकाने अशीच चालतात. बेदाणा आणि हळदीच्या कार्टनवरची छापील अरबी लेबलं वाचायला हे ॲप सात महिने रोज वापरात आहे आणि त्या कामाबद्दल तक्रार नाही. ती लेबलं तपासणाऱ्या मॅडम परत गेल्या, तेव्हा त्यांचं मराठी कार्ड अरबी करून आभाराच्या चिठ्ठीसोबत पाठवायचं ठरलं, आणि छापील अक्षर व हस्ताक्षर यांतला फरक तिथे कळला. त्या दिवशी एक तारा दिला होता. आता तीन दिले आहेत. मधले दोन का वाढले आणि उरलेले दोन का नाहीत, ते खाली लिहितो.

आधी फोटो. चकचकीत कार्डावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि तेवढे शब्द गायब होतात. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, मोबाईल कार्डाला समांतर धरून फोटो काढा. कॅमेरा चालू ठेवून थेट भाषांतर बघू नका, हात हलला की शब्द बदलत राहतात. एका कार्डावर बारा जणांची हस्ताक्षरं तिरकी-आडवी असतील तर अख्ख्या कार्डाचा एकच फोटो देऊ नका. ॲप शेजारच्या दोघांच्या ओळी जोडून एक वाक्य करतं. प्रत्येकाचा मजकूर वेगळा कापून द्या. चंदेरी जेल पेनने लिहिलेलं सरळ हाताने टाइप करा, त्यात वेळ घालवू नका.

यानंतर भाषा. 'आपोआप ओळखा' हा पर्याय आधी बंद करा आणि मराठी स्वतः निवडा. 'धन्यवाद', 'शुभेच्छा' अशा एकदोन शब्दांच्या ओळी हिंदीतही तशाच असतात, म्हणून ॲप बिनदिक्कत हिंदी धरतं. एकाने लिहिलं होतं, 'तुमची चेष्टामस्करी आठवेल'. हिंदी धरल्यावर 'चेष्टा'चे प्रयत्न झाले. वाक्य ऐकायला छान, अर्थ भलताच.

आता खरा मुद्दा. पहिल्या दिवशी वाटलं की ॲपला मराठीतून अरबी येतच नाही. ते मत चुकीचं निघालं. फोटोखालचा 'मजकूर कॉपी करा' पर्याय दाबून ॲपने मुळात काय वाचलं ते पाहिलं, तेव्हा भाषांतराआधीच घोळ झालेला होता. हाताने लिहिलेला 'ख' त्याने 'रव' वाचला होता. मॅडमना लिहिलेलं 'बेदाणे खा' हे 'बेदाणे रवा' झालं, आणि अरबीत मनुका व रवा असा वाण्याच्या यादीसारखा मजकूर उमटला. 'काळजी घ्या' मधला 'घ' 'ध' झाला. 'भेटू'चं 'मेटू'. भाषांतर करणाऱ्या भागाने त्याच्या हातात पडलेल्या शब्दांचं इमानेइतबारे भाषांतर केलं, त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: फोटो, वाचलेला मजकूर कॉपी, मूळ कार्ड शेजारी ठेवून दुरुस्ती, आणि मगच भाषांतर. आमच्या कार्डात चाळीसेक शब्दांत नऊ चुका होत्या, त्यांतल्या पाच ख, घ आणि भ यांच्या. एवढ्या सुधारल्यावर अरबी एकदम माणसात आलं. दुसरा तारा इथला.

वाचन बरोबर असूनही अडणारे शब्द उरतातच. 'तुमची उणीव भासेल' याचं अरबी उलटं मराठीत आणून पाहिलं तर 'तुमच्यातली कमतरता जाणवेल' असं काहीसं निघालं. म्हणजे निरोपाच्या कार्डात मॅडमचे दोष काढल्यासारखं. 'आम्हाला तुमची आठवण येईल' असं साधं लिहिलं की अरबीत 'सनश्ताकु इलैकि' येतं, आम्ही तुमच्यासाठी व्याकूळ होऊ, आणि तेच हवं होतं. 'जाते म्हणू नका, येते म्हणा' ही ओळ शब्दश: बरोबर उतरली, पण वाचणाऱ्याला ती आज्ञा वाटते. आपल्याकडे उंबऱ्यावर जे बोलतात ते कैरोत कसं कळणार? तिथे 'इलल्लिका' लिहा. पुन्हा भेटेपर्यंत, असा त्याचा अर्थ आणि भाव नेमका तोच.

आता ज्या गोष्टीवर या ॲपशी माझं कायमचं भांडण आहे, ती: ॲप मॅडमना पुरुष करतं.

मराठीत 'तू आलीस' म्हटलं की बाई आहे हे क्रियापदातच कळतं. अरबीतही बाईला आणि पुरुषाला वेगळी रूपं आहेत. दोन्ही टोकांना सोय असून मध्ये माहिती सांडते, कारण अशी ॲपं बहुधा मराठीचं आधी इंग्रजी करतात आणि इंग्रजीचं अरबी. इंग्रजीत 'यू'ला बाई-पुरुष नाही, की पुढे अरबीत पुल्लिंग ठरलेलं. 'तुम्ही आलात'मध्ये तर मराठीतच लिंग दिसत नाही. सुरुवातीला 'मॅडम' लिहून पाहिलं. तेवढं एक वाक्य सुधारतं, पुढच्याला परत पुरुष.

आणि उलट भाषांतर करून ही चूक सापडत नाही. अरबीतून मराठीत येतानाही मध्ये तेच इंग्रजी बसलेलं असतं, त्यामुळे परत 'तुम्ही'च दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. उणीव-कमतरतेची चूक उलट भाषांतरात पकडता येते, लिंगाची नाही. हा फरक कळायला दोन महिने गेले.

अरबी येत नसलं तरी डोळ्यांनी तपासता येतं. रोजच्या लिखाणात अरबीत बारीक स्वर लिहीत नाहीत, म्हणून 'लका' आणि 'लकि', म्हणजे पुरुषाला तुझ्यासाठी आणि बाईला तुझ्यासाठी, कागदावर सारखेच दिसतात. तिथे डोकं खपवू नका. तीन जागा बघा. पहिली 'प्रिय': पुरुषाला 'अज़ीज़ी', बाईला 'अज़ीज़ती'. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तर शब्दाच्या डाव्या टोकाकडून दुसरं अक्षर पाहा. त्यावर एक टिंब असेल तर पुरुष, दोन टिंबं असतील तर बाई. दुसरी 'सहकारी': 'ज़मीलुना' की 'ज़मीलतुना'. इथेही बाईच्या रूपात वर दोन टिंबांचं एक अक्षर जास्त असतं. तिसरी आज्ञार्थ, म्हणजे आपलं 'काळजी घ्या': बाईला लिहिताना क्रियापदाच्या शेवटी 'या' हे अक्षर वाढतं, पुरुषाला ते नसतं. आमच्या चिठ्ठीत तिन्ही जागी पुरुष निघाला. दीड वर्ष शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईला 'प्रिय मित्रा, काळजी घे रे' असं पाठवायचं, तेही आभार मानताना!

तिन्ही शब्द हाताने बदलले. एकच रूप सगळ्या वाक्यांत टिकतं आहे ना, हे पुन्हा पाहावं लागतं. त्यासाठी चिठ्ठी लहान ठेवा. आमची शेवटी चार ओळींची झाली: प्रिय सहकारी, लेबलांच्या कामात केलेल्या मदतीबद्दल आभार, आम्हाला तुमची आठवण येईल, सांगलीला आलात तर भडंग खायला या. भडंगाचं भाषांतर करू देऊ नका, नुसता उच्चार लिहा आणि पुढे 'मसाल्याचे कुरमुरे' जोडा.

सह्यांचंही तसंच. नावं भाषांतराच्या चौकटीत टाकूच नका, वेगळी उच्चारानुसार लिहून घ्या. प्रमाण अरबीत 'प' आणि 'व्ह' नाहीत, त्यामुळे पाटलांचे 'बातील' होणार. ती चूक नाही, तिकडे असंच लिहितात. आमचे कदम मात्र ॲपने 'पाऊल' केले होते.

कार्डावरच्या तारखेकडे कुणाचंच लक्ष जात नाही. इजिप्तमध्ये वापरतात त्या अंकांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. दोन आपल्या २ च्या जवळपास दिसतो. म्हणजे आपल्या हाताने लिहिलेला '२०' तिकडच्या डोळ्याला पंचवीस दिसू शकतो, '३०' पस्तीस. ॲप फोटोवरचे अंक बरेचदा आहे तसेच सोडून देतं. चिठ्ठीत तारीख इंग्रजी अंकांत आणि महिना अक्षरी लिहा. मोबाईल नंबर अरबी वाक्याच्या मध्ये घालू नका. नंबरात जागा सोडलेली असेल तर दोन तुकडे आपसात जागा बदलतात आणि अधिकचं चिन्ह भलत्या टोकाला जातं. वेगळ्या ओळीवर, सलग लिहा.

अरबी चिकटवलेला फोटो शेवटी पाठवलाच नाही. वाकड्या ओळींवर पट्ट्या मारल्यासारखा दिसतो आणि माणसांची अक्षरं झाकली जातात, मग हाताने लिहिलेल्या कार्डाचा उपयोग काय? मूळ कार्डाचा स्वच्छ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबत नाही. खाली टाइप केलेलं अरबी. हरभट रोडवरच्या दुकानात छापून घ्यायचा विचार असेल तर आधी एक ओळ छापून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये अरबी अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने येतात. एकमेकांना चिकटलेली अक्षरं आणि उजवीकडून सुरुवात, दोन्ही दिसलं तरच पैसे द्या.

महिन्याचे पैसे भरायची आवृत्ती एक महिना घेऊन पाहिली. फोटोंची मर्यादा वाढते, 'ख' तिथेही 'रव'च. तिसरा तारा फुकटच्या आवृत्तीला आहे. चौथा राखून ठेवला आहे. वाचलेला मजकूर फोटोवरच बोट ठेवून दुरुस्त करता यावा आणि समोर बाई आहे की पुरुष हे एकदा विचारावं, एवढं झालं की देईन.