२४ बिटचं १६ बिट करताना: डिदर नको, चौकोनी, त्रिकोणी की शेप केलेला?

तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला शेवटी मी लांब फेड-आऊट देते. एकदा हेडफोनचा आवाज बराच चढवून शेवटचे काही सेकंद ऐकले, तर जवारी हळूहळू विरायच्या ऐवजी चरचरीत होत गेली आणि मग कात्रीने कापावी तशी एकदम गप्प झाली. मूळ २४ बिटच्या फाइलमध्ये असं काहीच नव्हतं. १६ बिटची फाइल काढताना डिदरच्या, म्हणजे मुद्दाम मिसळायच्या बारीक सळसळीच्या, रकान्यात ‘काही नाही’ हा पर्याय राहून गेला होता, एवढाच फरक.

त्या रकान्यात सहसा चार पर्याय असतात: काही नाही, चौकोनी, त्रिकोणी आणि शेप केलेला. माझं मत आधीच सांगते. खात्री नसेल तेव्हा त्रिकोणी घ्या. का, ते समजायला पायरीपेक्षा लहान सुराचं काय होतं ते आधी बघू.

काहीच न घालता

१६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात आणि प्रत्येक सॅम्पलला त्यातल्या एका पायरीवर उभं राहावंच लागतं. आता १ किलोहर्ट्झचा एक शुद्ध सूर घ्या. त्याची लाट मध्यापासून वर आणि खाली फक्त पाऊण पायरी जाते, म्हणजे कमाल पातळीच्या सुमारे ९२.८ डेसिबल खाली. २४ बिटमध्ये या पाऊण पायरीला १९२ बारीक पावलं मिळतात, त्यामुळे तिथे लाट गुळगुळीत असते. १६ बिटमध्ये मात्र तिच्या वाट्याला तीनच आकडे येतात. लाट अर्ध्या पायरीच्या वर गेली की १, खालच्या बाजूला अर्ध्या पायरीपलीकडे गेली की उणे १, आणि बाकी सगळा वेळ ०.

गोल लाटेचा असा चौकोनी ठोकळा झाला की त्यात नवे सूर येतात. हिशेब केला तर मूळ सुराची उंची ०.७५ ऐवजी ०.९५ होते, ३ किलोहर्ट्झला त्याच्या २६ टक्के आणि ५ किलोहर्ट्झला सुमारे २३ टक्के उंचीचे सूर उभे राहतात. ही मालिका तशीच वर चढत जाते. सॅम्पलिंग ४४.१ किलोहर्ट्झचं असेल तर २२.०५ च्या वर काही मावत नाही, म्हणून वरचे सूर दुमडून खाली येतात. ४३ किलोहर्ट्झचा सूर १.१ किलोहर्ट्झवर येऊन बसतो आणि ४५ चा ०.९ वर. हे फार बारीक असतात, पण मूळ सुराशी त्यांचं कसलंच नातं नसतं, आणि म्हणूनच कानाला ते बेसूर लागतात.

फेड आणखी पुढे गेला आणि लाटेची उंची अर्ध्या पायरीच्या खाली आली, की प्रत्येक सॅम्पल ० होतं. आधी चरचर आणि मग अचानक शांतता, हा माझ्या फाइलमधला क्रम नेमका इथून आला होता.

या सगळ्याचं मूळ एकच. सॅम्पल जवळच्या पायरीवर बसवताना, म्हणजे गोलाईत, जी चूक होते, ती पूर्णपणे सिग्नलवर अवलंबून असते. लाटेच्या त्याच जागी दर वेळी तीच चूक होते. लाट सेकंदाला हजारदा फिरते, तर चूकही तिच्याबरोबर हजारदा फिरते, आणि जे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा घडतं ते कानाला सूर म्हणूनच ऐकू येतं. मोठ्या आवाजात लाट शेकडो पायऱ्या ओलांडते, तिथे ही चूक इतकी विस्कटते की ती साध्या सळसळीसारखी होते. चार-दोन पायऱ्यांच्या सिग्नलला ती सोय नसते.

चौकोनी की त्रिकोणी

डिदर म्हणजे पायरीवर बसवण्याच्या आधी प्रत्येक सॅम्पलमध्ये मिसळलेला एक छोटा यादृच्छिक आकडा. ‘आधी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गोलाई झाल्यावर सळसळ मिसळली तर ती त्या खोट्या सुरांवर फक्त पांघरूण घालते, सूर खाली तसेच राहतात.

चौकोनी डिदरमध्ये हा आकडा उणे अर्धी ते अधिक अर्धी पायरी यांमधला कुठलाही असतो आणि सगळ्यांची शक्यता सारखी असते. समजा सिग्नल या क्षणी ०.३ पायरीवर आहे. डिदर नसता तर उत्तर कायम ० आलं असतं. आता ते आकडे मिसळा. मिसळलेला आकडा ०.२ च्या वर असेल तेव्हा बेरीज ०.५ च्या पलीकडे जाते आणि उत्तर १ येतं. असं १०० पैकी ३० वेळा होतं. म्हणजे सरासरी बरोबर ०.३! एकेक सॅम्पल ० किंवा १ च असतं, पण त्यांच्या गर्दीत ०.३ शाबूत राहतं. कुठल्याही उंचीला हे लागू आहे, म्हणून सरासरी लाट पुन्हा गोल होते आणि ३ आणि ५ किलोहर्ट्झचे ते पाहुणे निघून जातात. चूक नाहीशी झालेली नसते, पण तिचा लाटेशी असलेला ताल तुटतो आणि तिची सळसळ होते.

मग चौकोनीवरच का थांबू नये? कारण सरासरी सुधारली तरी सळसळीची पातळी सिग्नलबरोबर हलत राहते. त्रिकोणी डिदरमध्ये असे दोन स्वतंत्र आकडे बेरजेने घालतात, त्यामुळे पल्ला उणे १ ते अधिक १ पायरी होतो आणि मधल्या आकड्यांची शक्यता जास्त राहते. त्याच ०.३ वर आता ३२ टक्के वेळा १ येतं, २ टक्के वेळा उणे १ आणि उरलेल्या वेळी ०. सरासरी पुन्हा ०.३ च. फरक दिसतो तो उत्तराच्या विखुरण्यात, म्हणजे सळसळीच्या ताकदीत:

| सिग्नल (पायरीत) | चौकोनीची सळसळ | त्रिकोणीची सळसळ |
|---|---|---|
| ० | ० | ०.२५ |
| ०.३ | ०.२१ | ०.२५ |
| ०.५ | ०.२५ | ०.२५ |

(आकडे पायरीच्या वर्गात आहेत.)

मधला रकाना पाहा. तानपुऱ्याची लाट ० जवळ आली की चौकोनीची सळसळ पार मिटते आणि लाट वर गेली की पुन्हा उठते. सूर विरत असताना पार्श्वभूमी अशी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते, आणि एकदा ते कानात बसलं की सुटत नाही. त्रिकोणीत सळसळ एकाच पातळीवर राहते, मग सिग्नल कुठेही असो. रिकामी खोली शांत बसलेली असावी तशी. याची किंमत म्हणजे आदर्श गोलाईच्या सळसळीपेक्षा ४.८ डेसिबल जास्त आवाज. चौकोनीत ही वाढ सरासरी ३ डेसिबल असते. या पावणेदोन डेसिबलच्या फरकासाठी मी चौकोनी कधीच निवडणार नाही.

डिदरची कल्पना ध्वनीच्या जगात खूप आधीपासून नव्हती. १९६२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी चित्रांसाठी ती मांडली होती. मोजक्या करड्या छटांत चित्र बसवलं की आकाशात पट्टे दिसतात, ते त्यांनी आधी यादृच्छिक आकडे मिसळून घालवले. ध्वनीसाठी त्रिकोणी डिदर का पुरतो, याची पक्की मांडणी पुढे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टॅन्ली लिपशिट्झ आणि जॉन व्हॅंडरकॉय यांच्या कामातून झाली.

सळसळीखाली सूर कसा ऐकू येतो

ही शंका मला बरेच जण विचारतात, आणि ती रास्त आहे. त्रिकोणी डिदरची एकूण सळसळ अर्ध्या पायरीइतकी असते आणि पाऊण पायरी उंचीच्या सुराची ताकदही जवळजवळ तेवढीच भरते. मग सूर बुडायला हवा. पण सळसळ २२ किलोहर्ट्झभर पसरलेली असते आणि सूर एकाच ठिकाणी असतो. १ किलोहर्ट्झचा सूर ऐकताना कान त्याच्या आसपासची साधारण १३० हर्ट्झची पट्टीच विचारात घेतो. त्या पट्टीत एकूण सळसळीचा दीडशेवा भागही येत नाही, म्हणून तिथे सूर सुमारे २३ डेसिबलने वर राहतो. ०.३ पायरीचा सूर, जो डिदरशिवाय पूर्ण नाहीसा झाला असता, तोही सुमारे १५ डेसिबलने वर तरंगतो.

स्वतःच्या कानांनी तपासायचं असेल तर सॉक्स हा कमांड लाइनवर चालणारा प्रोग्रॅम वापरून दहा सेकंदांचा तोच पाऊण पायरीचा सूर बनवता येतो. `-D` डिदर बंद करतो, आणि शेवटच्या दोन ओळी आवाज ५० डेसिबलने चढवतात:

```
sox -n -r 44100 -b 24 a.wav synth 10 sine 1000 vol -92.8dB
sox -D a.wav -b 16 b.wav
sox a.wav -b 16 c.wav dither
sox b.wav -b 24 b2.wav gain 50
sox c.wav -b 24 c2.wav gain 50
```

`b2.wav` मध्ये भोंग्यासारखा नाकातला आवाज येतो. `c2.wav` मध्ये सळसळ आणि तिच्यातून येणारा स्वच्छ सूर.

शेप केलेला कधी

इथे प्रत्येक गोलाईची चूक पुढच्या सॅम्पलांमध्ये फिरवून घालतात, ज्यामुळे सळसळ कान सर्वात तीक्ष्ण असतो त्या ३-४ किलोहर्ट्झच्या भागातून उचलून अगदी वरच्या टोकाला ढकलली जाते. ऐकायला ती कमी वाटते, पण एकूण ताकद वाढलेली असते. सीडीसाठी शेवटची फाइल काढत असाल आणि पुढे कोणी तिला हात लावणार नसेल, तर हा पर्याय खरोखर छान आहे. पण त्या फाइलवर पुन्हा इक्वलायझर लावला, सॅम्पल रेट बदलला किंवा पुन्हा १६ बिट केलं, तर वरची ती सळसळ कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. एमपी३ करायचं असेल तर १६ बिटच्या वाटेनेच जाऊ नका, एन्कोडरला सरळ २४ बिटची फाइल द्या.

आता एक सूट. तुमच्या फाइलमध्ये पंख्याचा, रस्त्याचा, माइकचा आवाज शेवटपर्यंत पायरीपेक्षा मोठा असेल, तर तोच डिदरचं काम करून जातो आणि चारही पर्याय कानाला सारखेच लागतात. घरच्या बहुतेक मुद्रणांत मधल्या भागात हेच होतं. फेड-आऊट मात्र या खोलीच्या आवाजालाही सुरासोबत खाली ओढत नेतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत तोही पायरीखाली जातो. म्हणून माझा क्रम असा: संपादन २४ बिटमध्ये, मग फेड, मग एकदाच त्रिकोणी डिदर घालून १६ बिट. त्यानंतर फाइलचे शेवटचे पाच सेकंद आवाज चढवून ऐकते. जवारी सळसळीत मिसळून गेली, मध्ये कुठे चरचर झाली नाही, तर फाइल पाठवते.