ईसॉप घ्यायचे की पगारातून शेअर? दोन्ही घेतलेल्या माणसाचं मत

मंडळी, योजनेचं पत्र सगळ्यांना मिळालंय, त्यामुळे ईसॉप म्हणजे काय, व्हेस्टिंग म्हणजे काय यात वेळ घालवत नाही. तुम्हाला दोनातलं एक निवडायचंय. एक म्हणजे ऑप्शन, आजच्या भावाने चार वर्षांत टप्प्याटप्प्याने शेअर घ्यायचा हक्क. दुसरी खरेदी योजना, म्हणजे दर महिन्याला पगारातून थोडी रक्कम कापायची आणि सहा महिन्यांनी त्यातून सवलतीत शेअर घ्यायचे. मी फायनान्सचा माणूस असलो तरी तुमचा गुंतवणूक सल्लागार नाही, हे आधीच सांगतो. पण आधीच्या दोन नोकऱ्यांत मी हे दोन्ही घेतलेत, तर माझं काय झालं ते सांगतो, ठरवा तुम्ही.

आधी ऑप्शनची बाजू, कारण ती खरंच दमदार आहे. सुरुवातीला खिशातून काही जात नाही. भाव पडला तर ऑप्शन सोडून द्यायचे, नुकसान शून्य. आणि भाव तिप्पट झाला तर जो पैसा होतो तो पगारातून कापून कापून कधीच होणार नाही, हे मान्यच करायला हवं. माझ्या जुन्या टीममधल्या एकाने त्यावर घराचं कर्ज फेडलं, त्याचा मला आजही आनंद आहे.

माझं गाडं अडलं ते दुसरीकडेच. त्या कंपनीत माझे १,००० ऑप्शन व्हेस्ट झाले होते, एक्सरसाइजचा भाव १००. मी नोकरी सोडली तेव्हा बाजारभाव होता २५०. (आकडे गोल केलेत, चलन कुठलंही धरा.) कागदावर दीड लाखाचा फायदा. पण नोकरी सोडल्यापासून ९० दिवसांत एक्सरसाइज केलं नाही तर ऑप्शन रद्द, असं ग्रँटच्या पत्रात होतं, आणि ते मी चार वर्षांपूर्वी सही करताना वाचलंच नव्हतं. मग म्हटलं एक्सरसाइज करून त्याच दिवशी विकून टाकू, त्यातूनच सगळं भागेल. तर तेही जमेना, कारण तिमाहीचे निकाल जाहीर व्हायचे होते आणि ते आकडे मी हिशोबात असताना बघितलेले, म्हणजे माझ्यासाठी ट्रेडिंग विंडो बंद. शेअर घेता येत होते पण विकता येत नव्हते. हा नियम योग्यच आहे, ज्याला आतली माहिती आहे त्याने विकू नये, पण ९० दिवसांचं घड्याळ काही विंडोसाठी थांबत नाही.

आता पैसे बघा. शेअर घ्यायला १ लाख. आणि बऱ्याच देशांत एक्सरसाइजच्या दिवशीचा बाजारभाव आणि तुम्ही दिलेला भाव यातला फरक हा पगारच धरला जातो, शेअर विकलेला असो नसो. माझा फरक दीड लाख, कर ३० टक्के धरा, म्हणजे ४५,०००. एकूण १ लाख ४५ हजार रोख घालावे लागले, ते मी भावाकडून उसने घेतले. निकाल लागले, वाईट होते, विंडो उघडली तेव्हा भाव १६० वर आलेला आणि उसने फेडायचे म्हणून मी तिथेच विकले. आले १ लाख ६०. हातात राहिले १५,०००. त्याच दिवशी २५० ने विकता आले असते तर १ लाख ५ हजार राहिले असते. आणि २५० च्या भावावर भरलेला कर मला परत मिळाला नाही, कारण शेअरमधला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नव्हता. भाव पडण्याची माझी तयारी होती, पण न मिळालेल्या पैशावर कर भरण्याची नव्हती, तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

खरेदी योजनेत हा प्रकार फारसा होत नाही. आपल्याकडे सवलत १५ टक्के आहे, आणि ती सहा महिन्यांच्या सुरुवातीचा भाव आणि शेवटचा भाव यातला जो कमी असेल त्यावर मिळते. समजा महिना ३,००० कापले, सहा महिन्यांत झाले १८,०००. सुरुवातीला भाव २०० होता आणि शेवटी २४० झाला, तर तुम्हाला शेअर पडतो १७० ला, १०५ शेअर येतात आणि त्यांची त्या दिवशीची किंमत २५,२००. उलटं झालं, भाव १६० वर आला, तर शेअर पडतो १३६ ला, १३२ शेअर येतात, किंमत २१,१२०. म्हणजे भाव पडला तरी खरेदीच्या दिवशी तुम्ही घातलेल्यापेक्षा वरच असता. यातही सवलतीवर कर लागू शकतो, पण तो घातलेल्या पैशाच्या मानाने लहान असतो आणि पगारातूनच वळता होतो, त्यासाठी कोणाकडे जावं लागत नाही. मधेच नोकरी सोडली तर कापलेले पैसे परत, आणि आधी घेतलेले शेअर तुमचेच.

त्रास यातही आहे. हातात येणारा पगार सहा महिने कमी होतो, ज्याचा हप्ता चालू आहे त्याला ते जाणवतं. आणि शेअर डिमॅटमध्ये आल्यावर पुढे भाव पडला तर ती १५ टक्क्यांची गादी एका आठवड्यात निघून जाऊ शकते. विंडो इथेही लागू आहे, निकालांशी संबंध असलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

एक धोका मात्र दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो मी घाईत उरकणार नाही. पगारही इथून, बचतही इथेच, असं झालं की कंपनी अडचणीत आली तर दोन्ही एकदम जातात. एन्रॉनमध्ये २००० च्या शेवटी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला सुमारे ६२ टक्के पैसा कंपनीच्याच शेअरमध्ये होता. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला शेअर नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्या खाली गेला, २ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज झाला, आणि मधे भाव कोसळत असताना खात्यांची व्यवस्था दुसऱ्या संस्थेकडे जात होती म्हणून काही दिवस लोकांना विकताच आलं नाही. आपली कंपनी तशी नाही, हिशोब मी रोज बघतो म्हणून सांगतो. पण तिथल्या लोकांनाही आपली कंपनी तशी वाटत नव्हती. मी स्वतः माझ्या बचतीच्या दहा टक्क्यांच्या वर कंपनीचे शेअर ठेवत नाही, खरेदी झाली की जास्तीचे विंडो उघडताच विकतो, आणि तुम्ही विकलेत म्हणून कोणी तुमच्या निष्ठेवर बोट ठेवणार नाही, ते मी बघेन.

तर मी काय निवडलंय? खरेदी योजना. ज्यांना इथे चार-पाच वर्षं नक्की राहायचंय, एक्सरसाइजचे आणि कराचे पैसे बाजूला काढून ठेवता येतील आणि निकालांच्या आकड्यांशी ज्यांचा संबंध येत नाही, त्यांनी ऑप्शन घेतले तर मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही, कदाचित माझ्यापेक्षा जास्तच कमावतील. बाकीच्यांनी, विशेषतः नुकतंच घर घेतलेल्यांनी आणि नोकरी बदलण्याचा विचार मनात असलेल्यांनी, जरा थांबून बघा असं मला वाटतं.

ऑप्शन घेणार असाल तर सही करायच्या आधी पत्रातला नोकरी सोडल्यानंतरचा परिच्छेद माझ्यासमोर बसून वाचा. आपल्याकडेही सध्या ९० दिवसच आहेत. विंडो बंद असेल तर ते दिवस मोजू नयेत अशी दुरुस्ती मी संचालक मंडळाकडे पाठवलीये, अजून मंजूर झालेली नाही, म्हणून तोवर ९० च धरून चला.